मदत हवी आहे: फोटोत केस लांब केले, पण खांद्यापाशी चिकटवल्यासारखे दिसतात

रानजाई
बहिणीच्या फोटोत तिचे केस जेमतेम खांद्याला टेकतात, ते छातीपर्यंत लांब करायचे आहेत. फोटो सुमारे ४००० पिक्सेल उंच आहे, डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय आणि अंगात फिकट राखाडी स्वेटर आहे. तिच्याच जुन्या फोटोतले लांब केस कापून घेतले, फोटोशॉपमध्ये Warp करून खाली जोडले. रंग बराच जुळला, तरी जोड आडव्या रेघेसारखा दिसतो आणि खांद्यावर केस टेकलेत असं वाटतच नाही. कुठे चुकतंय?

पाटीपेन्सिल
नवीन केसांच्या लेयरला Drop Shadow द्या. कोन खिडकीच्या दिशेने ठेवायचा, Opacity ४० च्या आसपास. मी कायम असंच करतो, छान उठून दिसतं.

चिमणचारा
क्लिपवाले एक्स्टेन्शन घेताना एकच शेड घेऊ नकोस, दोन जवळच्या शेड मिसळून लाव. आणि क्लिप वरच्या केसांच्या थराखाली बसव, टोकांना नाही. मी लावते तेव्हा जोड कुठे आहे ते कुणालाच कळत नाही.

रानजाई
ताई, खरे एक्स्टेन्शन नाहीत, फोटोतच केस वाढवायचेत.

काळीशाई
प्रश्न वेगळा समजला असला तरी त्यांचा सल्ला इथे अगदी लागू पडतो. जोड टोकाशी ठेवलात म्हणून रेघ दिसते. नवीन केसांचा लेयर मूळ केसांच्या खाली ठेवा आणि कानाच्या पातळीपर्यंत वर न्या. मग मूळ टोकांवर मास्क लावून २-३ पिक्सेलच्या ब्रशने, केस वाहतात त्याच दिशेने, एकेक बट विरघळवत न्या. एक बट वर संपू दे, शेजारची बोटभर खाली. मऊ गोल ब्रशने मास्क केला तर तिथे धूर साचल्यासारखा दिसतो.

केस शक्यतो याच फोटोतून घ्या. जुन्या फोटोत उजेड समोरून असेल तर चमकेचा पट्टा भलत्याच जागी येतो आणि रंग कितीही जुळवला तरी डोळ्याला खटकतं. याच फोटोतून घेतानाही कानाजवळची चमक सोबत येते, ती Curves ने दाबा. नवीन चमक केस खांद्यावर वळतात त्या उंचवट्यावर द्या, तीही खिडकीकडच्या बाजूलाच ठळक. बट आडवी उलटवू नका, उजेडही तिच्यासोबत उलटतो.

Drop Shadow ची अडचण अशी, की ती सगळीकडे सारख्याच अंतरावर पडते. केस खांद्यावर टेकतात तिथे सावली त्यांना लागूनच, अरुंद आणि गडद हवी. खांदा उतरून ते मोकळे लोंबतात तिथे ती उजवीकडे सरकते आणि पसरट होते. तुमच्या आकाराच्या फोटोत वर ४-५ पिक्सेल Gaussian Blur आणि खाली २५-३० असं करून बघा. काळा रंग मारण्याऐवजी Curves लेयर गडद करून मास्कमधून सावली रंगवा, म्हणजे स्वेटरची वीण सावलीतही दिसत राहील. स्वेटरच्या घडीतली सावली शेजारीच आहे, तिच्याइतकंच गडद करा.

आणि एक विचारतो: मूळ केसांच्या टोकांची सावली खांद्यावर अजून आहे का?

रानजाई
आहे! नवीन केसांच्या बाजूला एक करडा डाग दिसतो. मला ती स्वेटरची सुरकुती वाटली होती.

काळीशाई
तोच. आखूड केसांची सावली राहिली की डोळा तिथेच अडकतो. वेगळ्या लेयरवर Clone Stamp ने उजेडातली वीण आणून तो डाग पुसा, नवीन सावली त्यानंतर. मानेवरची सावली मात्र ठेवा, ती लांब केसांनाही पडणारच.

पाटीपेन्सिल
मी बहुतेक भिंतीला टेकून काढलेल्या फोटोंवर काम करतो, तिथे Drop Shadow खपून जाते. खांद्याच्या उताराचा विचार केला नव्हता.

रानजाई
डाग पुसला आणि सावली दोन भागांत केली. डावा खांदा आता खरा वाटतो. उजवीकडे मात्र केसांमागे उजळ पडदा आहे, तिथे नवीन केसांची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते.

काळीशाई
टोकं विरळ करा, सगळ्या बटा एका उंचीवर संपवू नका. मग सुटे केस हाताने काढा, ब्रशची जाडी पेनच्या दाबावर ठेवून.

रानजाई
माझ्याकडे पेन टॅबलेट नाही. माउसने काढलेले केस सुरुवातीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचे येतात.

चिमणचारा
मूळ फोटोत वाऱ्याने उडालेले केस असतील तर तेच उचलून लावता येतील का?

काळीशाई
मागे तोच पडदा असेल तर येतील. लेयर Multiply वर ठेवा आणि Curves ने पडदा पांढरा होईपर्यंत उजळवा, म्हणजे नुसता केस उरतो. पण पडद्याला चुण्या असतील तर त्या पुसट दिसत राहतात, त्यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही. माउसने कुणी हे जमवलं असेल तर सांगा.