रिकर्शनला 'पुनरावर्तन' म्हणावं का?

शाईपेन: आठवीच्या मुलांसाठी पायथनच्या नोट्स मराठीत लिहितेय, रिकर्शनपाशी, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावतं तिथे, अडलेय. 'पुनरावर्तन' लिहिलं तर एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे तर लूपच झालं की, परत परत तेच. वर्गात एकात एक बसणारे स्टीलचे डबे नेले होते, सगळ्यात आतल्यात शेंगदाणा, आणि हा प्रोग्राम:

```python
def mojani(n):
    if n == 0:
        print("संपलं")
        return
    print(n)
    mojani(n - 1)

mojani(3)
```

शब्द चुकला की उदाहरण?

धा_धिन: शब्द. तीनतालाचं आवर्तन १६ मात्रांचं, समेवर आलं की परत तेवढंच. तुमचे डबे तर लहान होत जातात. आवर्तन लूपलाच शोभतं.

आजोबा५६: आमच्या वेळी पुनरावर्तन म्हणजे परीक्षेआधीची उजळणी. नातवाला रोज करायला लावतो, फार फायदा होतो.

मोरपीस: 'आवर्ती' घ्या ना, तयार शब्द आहे. डबा एकच, फक्त n कमी होत जातो, एवढंच सांगायचं.

कळफलक: आवर्ती दशांशातले अंक परत परत तेच येतात, म्हणजे पुन्हा लूपच. आणि डबा एकच नाही हो, तिथेच तर सगळी गंमत आहे. शाईपेनताई, त्या मुलीचं काही चुकलं नाही, तुमच्या प्रोग्रामात फक्त आत जाणं दिसतं. फंक्शनच्या आतल्या शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करा, आधी `mojani(n - 1)` आणि मग `print(n)`. आता आधी 'संपलं' येईल आणि मग 1, 2, 3. कारण 3 वाला डबा 2 वाल्याचं काम होईपर्यंत थांबून राहतो, स्वतःची 3 ची चिठ्ठी सांभाळत, 2 वाला 1 साठी थांबतो. उघडताना बाहेरून आत, झाकणं लावताना आतून बाहेर. n एकच असता तर परत येताना 3 आला कुठून?

मोरपीस: करून बघितलं. खरंच की, प्रत्येकाचा n वेगळा.

वऱ्हाडी_ठेचा: मग याला उतरंड म्हना ना! आजीच्या घरी मडक्यांची असायची, वरचं काढल्याशिवाय खालच्याला हात लावता येत नसे.

धा_धिन: उतरंडीत मडकी एकावर एक, एकात एक नव्हे.

कळफलक: पण आत थांबलेल्या कामांना उतरंड अगदी चपखल. `if n == 0` वाला भाग काढला तर ती वाढतच जाते, साधारण १००० ला पायथन हात टेकतो आणि `RecursionError` येते. आणि तो भाग असूनही `mojani(2.5)` दिलं तर तेच, 0.5 वरून थेट -0.5, शून्य लागतच नाही.

शाईपेन: हे कालच झालं! एकाने -1 दिलं आणि मला वाटलं मशीन बिघडलं. `n <= 0` करते. उद्या डब्यांत चिठ्ठ्या टाकून नेते आणि झाकणं मुलांनाच लावायला देते. पण नोट्समध्ये मथळा काय लिहू?

वऱ्हाडी_ठेचा: उतरंड.

धा_धिन: रिकर्शनच ठेवा, लूपला लूप म्हणताच ना.

आजोबा५६: शेंगदाण्याऐवजी खडीसाखर ठेवा, पोरं लक्ष देतील.