मदत हवी आहे: ऑनलाइन परीक्षा १० ला, पण इथे नक्की किती वाजता?

नमस्कार मंडळी, मी सध्या जर्मनीत आहे आणि बोर्डाची ऑनलाइन परीक्षा 25 ऑक्टोबर 2026, रविवारी सकाळी 10 ला आहे, हॉलतिकिटावर IST लिहिलंय. आत्ता भारत आमच्या साडेतीन तास पुढे, म्हणून मी 6:30 चा अलार्म ठरवून टाकला होता. काल लक्षात आलं की त्याच पहाटे 3 वाजता इथली घड्याळं परत 2 वर येतात, म्हणजे फरक साडेचार तास होणार आणि पेपर इथल्या 5:30 लाच सुरू! 6:30 ला बसले असते तर एक तास गेलाच असता, विचार करूनच पोटात गोळा आला.

आता अडचण अशी की पोर्टलवर लॉगिन केल्यावर नुसतं 10:00 दिसतं, झोन कुठेच नाही. लॅपटॉपचा टाइमझोन भारताचा करून पेज रिफ्रेश केलं तरी 10:00 च, म्हणजे तो आकडा लॅपटॉपवरून येत नाही असं मी समजतेय, बरोबर ना? बाहेरून कोणी अशी परीक्षा दिलीय का, आणि त्या दिवशी लॅपटॉप इथल्याच टाइमझोनवर ठेवला तर टायमर गंडतो का? प्लीज सांगा.