मदत हवी आहे: पहिलीसाठी कृतींसह छोटी कविता

पहिलीला शिकवते, पट 24. पाठांतरासाठी मीच चार ओळी जुळवल्या:

टप टप टप टप पाऊस आला,
छत्री उघडा, चला चला!
डबक्यात मारली एकच उडी,
भिजली माझी नवी चड्डी!

पहिल्या ओळीला बोटं बाकावर, दुसरीला हात डोक्यावर, तिसरीला जागच्या जागी उडी. आधी मी न बोलता कृती करते, मुलं ओळ ओळखतात. मग "डबक्यात मारली एकच..." म्हणून थांबते, शेवटचा शब्द त्यांनी भरायचा. "पाठ करून या" असं एकदाही न सांगता तीन दिवसांत बऱ्याच जणांना येऊ लागली.

अडलंय ते पुढे. उडी मारली की वर्ग पांगतो आणि चौथी ओळ हवेत विरते. (चड्डीवर हसू फुटतं ते वेगळंच.) उडी अगदी शेवटी येईल अशी ओळींची अदलाबदल करू का?

शिवाय दोन मुलं कृती अचूक करतात, ओठ मात्र मिटलेले. त्यांना एकटं उभं करायचं नाहीये. जोडी लावून पाहिली, तर जोडीदारच सगळं म्हणून टाकतो. तुम्ही अशा वेळी काय करता?

बसल्या जागी करता येतील अशा कृतींची, स्वतः रचलेली चार-सहा ओळींची कविता असेल तर कृतींसकट इथे टाका ना.