दिवाळीच्या मालावर ‘उलंगवाडी’ लिहिलं तर चालेल का?

दर्यापूरची सून
आमचं दर्यापूर तालुक्यात साड्यांचं छोटं दुकान आहे. विणकरांकडून सुती साड्या घेतो, लेबल आमचं लावतो. दिवाळीला 140 आणल्या होत्या, 37 राहिल्या. छापखानेवाल्याला फ्लेक्स सांगितला तर त्यानं आपल्याच मनानं मजकूर करून पाठवला: “दिवाळी धमाका क्लिअरन्स! उरलेला माल अर्ध्या किमतीत!” सासूबाईंनी फोनवर पाहिलं आन् म्हणाल्या, “आपण काय शिळं विकून राहिलो का?” मी रागारागात दुसरं लिहिलं: “सणाची उलंगवाडी. मोजक्या साड्या, कमी दरात.” मला तो शब्द मातीतला वाटला. नवरा म्हणतो, लोकांना वाटेल दुकानच बंद करून राहिले. कोण बरोबर? आणि क्लिअरन्सला बरा शब्द कोणता?

जुना मास्तर
उलंगवाडी म्हणजे कापसाची शेवटची वेचणी होऊन वावर मोकळं होणं. आमच्या घरी आई विचारायची, “निंदण उलगलं का?” उलगणं म्हणजे आटोपणं, त्यातूनच हा शब्द आला असणार. काम पार पडल्याचं समाधान आहे त्यात. बिनधास्त लावा.

वावरातला
मास्तर, समाधान तुमाले असन. उलंगवाडी झाली का वावरात ढोरं सोडतेत. मंग कोनाचीही बकरी घुसते, कोनी काही म्हनत नाही. झाडावर उरते ते कवडी. बाई, तुमच्या साडीले कवडी म्हनायचं हाय का?

दर्यापूरची सून
हे बाप्पा! हे तर ध्यानातच आलं नाही.

शुद्धमराठी
मुळात फ्लेक्स, क्लिअरन्स, स्टॉक हे शब्दच कशाला हवेत? ‘निःशेष विक्री’ लिहा. अर्थवाही आहे.

वावरातला
‘निःशेष’ वाचून मले बोंडअळीच्या औषधाची बाटली आठवते.

काउंटरवरचा
कापडाच्या दुकानात बावीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. भानगड क्लिअरन्स या शब्दाची नाही. सासूबाईंचं नाक बरोबर ठिकाणी गेलं आहे. ‘उरलेल्या 37 साड्या’ आणि ‘37 साड्या उरल्या आहेत’ हे दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहा. ‘उरलेला’ असं नावाआधी लावलं की तो मालाचा गुण होतो, जसा उरलेला भात. ‘उरल्या आहेत’ म्हटलं की ती बातमी होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाकीच्या गेल्या म्हणजे चांगल्या असतील. शब्द तोच, जागा बदलली. मी तर आकडाही पूर्ण लिहीन: “140 पैकी 37 उरल्या आहेत.”

शुद्धमराठी
मग ‘शिल्लक’ का नको? बँकेत शिल्लक असली की माणूस खूश असतो.

काउंटरवरचा
‘शिल्लक आहेत’ चालेल. ‘शिल्लक साठा’ म्हटलं की गोदाम आलं, पोती आली.

एसटीची प्रवासी
सूट की सवलत, ते पण सांगा. सवलत म्हटलं की मला एसटीतलं अर्धं तिकीट आठवतं, 2023 पासून आम्हा बायकांना मिळतं ते. सवलत माणसाला असते, सूट मालाला. माझं आपलं मत.

पणतीवाली
माझ्या 300 पणत्या राहिल्या आहेत, त्यावर काय लिहू? अर्ध्या भावात देऊ का?

काउंटरवरचा
ताई, तुमचा सण अजून संपलेलाच नाही. तुळशीचं लग्न आहे, त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात. तोवर भाव पाडू नका, नुसतं ‘तुळशीच्या लग्नासाठी पणत्या’ लिहा.

सूनबाईंचा मुद्दाही तिथंच आहे. तुम्ही ‘हंगाम संपला’ असं धरून लिहिताय, पण गिऱ्हाइकाचा हंगाम कुठं संपला? आपल्याकडे कापसाचा पैसा दिवाळीच्या मागेपुढे हातात येतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. पुण्या-मुंबईचा ‘सीझन एंड’ इथं उचलून लावला की ऐन पैसा यायच्या वेळी आपण भाव पाडून बसतो. आधी सांगा, 37 मध्ये दिवाळीचा शिक्का असलेल्या किती?

दर्यापूरची सून
आत्ताच काढून पाहिल्या. 15 साड्यांच्या पदरावर पणत्यांची नक्षी आहे. बाकी 22 चौकडीच्या, साध्या काठाच्या. पण सगळ्यांच्या डब्यावर ‘शुभ दीपावली’ छापलंय.

काउंटरवरचा
मग 22 जणींचा डबा बदला आणि 1450 की काय तुमचा भाव असेल त्यालाच लग्नाच्या अहेरात मांडा. त्यांचं नाव फ्लेक्सवर नको. फक्त 15 चा भाव कमी करा, आणि का कमी केला ते लिहा. कारण दिसलं नाही की लोक आपणच कारण लावतात: रंग जातो, डाग आहे, चालली नाही.

दर्यापूरची सून
भाव 1450 च आहे, कसं ओळखलं! आम्हाला 980 ला पडते. 1100 ला काढावी म्हणते.

काउंटरवरचा
मग साडीमागे 350 सोडलेत, 15 वर 5,250. सगळ्या 37 वर तेवढेच सोडले असते तर 12,950 गेले असते. आणि फ्लेक्सवरचं ‘अर्ध्या किमतीत’ म्हणजे 725, खरेदीच्याही खाली.

व्यापारी भाऊ
सगळं सोडा, ‘स्टॉक असेपर्यंत’ एवढं बारीक लिहा, कायद्यातून सुटलात.

काउंटरवरचा
अर्धं खरं आहे. माल मर्यादित आहे हे सांगावंच लागतं, पण बारीक अक्षरानं मोठा खोटेपणा झाकत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर 2022 चे केंद्राचे नियम आहेत, त्यात गिऱ्हाइकाला आत ओढायला गळ टाकण्याबद्दल वेगळं लिहिलंय. 37 साड्यांत 15 वर सूट असताना ‘सर्व साड्या’ लिहिलं तर गावात कायदा यायच्या आधी बायका येतील.

खादीवाला
आमच्याकडे खादी भांडाराचं रिबेट असायचं, 2 ऑक्टोबरपासून. त्यानं खादीचं नाव कधी खराब झालं नाही, कारण सूट तारखेला होती, कापडाला नव्हती. पण माझे वडील सप्टेंबरात एक सदरा घेत नसत, हेही सांगतो.

एसटीची प्रवासी
आणि धनत्रयोदशीला 1450 देऊन घेतली ती? मी असते तर दुकानात येऊन भांडले असते.

दर्यापूरची सून
पणतीच्या पदराच्या किती गेल्या ते वहीत आहे: 21. त्यांना काय सांगू?

काउंटरवरचा
फ्लेक्स लागायच्या आधी फोन करा. फॉल-पिको फुकट करून द्या, किंवा पुढच्या साडीत काही सोडा. यात माझं नक्की मत नाही. आमच्या मालकानं एकदा फोन केले तर ज्यांना पत्ताही नव्हता त्याच चिडल्या.

जुना मास्तर
पण उलंगवाडी हा शब्द वाईट नाही, हे मी लिहून ठेवतो. वावरातल्यानं त्याला ढोरं जोडली.

वावरातला
मी नाही जोडली मास्तर, ढोरं आधीपासूनच व्हती.

दर्यापूरची सून
फ्लेक्स रद्द केला. नवऱ्यानं पुठ्ठ्यावर हातानं लिहिलं: “पदरावर पणत्या असलेल्या 15 साड्या राहिल्या आहेत. पुढच्या दिवाळीला नक्षी बदलणार, म्हणून 1450 ची 1100 ला. पौर्णिमेपर्यंत.” सासूबाईंना ‘राहिल्या’ आवडलं. आज तीन गेल्या. चौथीनं विचारलं, “पणत्या नसलेली 1100 ला नाही का?” त्यावर काय बोलायचं ते अजून सुचलं नाही.

शुद्धमराठी
पुठ्ठा चांगलाच. पण ‘1450 ची 1100 ला’ ही रचना व्याकरणाच्या दृष्टीनं…

पणतीवाली
माझ्या 40 गेल्या.