आरएच्या रुग्णाचा डीएएस-२८ स्कोअर ५.६, पण सूज फक्त एका सांध्याला. औषध वाढवू की फायब्रोमायल्जिया धरू?

फिजिशियन_ओपीडी: सल्ला हवाय. ४४ वर्षांच्या बाई, सहा वर्षांपासून सीरोपॉझिटिव्ह आरए, मेथोट्रेक्सेट २० मिग्रॅ. वर्षभर बरं होतं. आता अंगभर दुखतं, झोपून उठलं तरी थकवा जात नाही, सकाळचा ताठरपणा दोन तास. २८ पैकी १६ सांधे दुखतात, सूज फक्त उजव्या मनगटाला. ईएसआर १८, सीआरपी नॉर्मल. स्वतःची तब्येत शंभरात ८० वाईट सांगतात. डीएएस-२८ आला ५.६ च्या वर. दोन आठवडे प्रेडनिसोलोन १० मिग्रॅ देऊन काहीच फरक नाही. बायोलॉजिक सुरू करू का?

हाडवैद्य: टेंडर पॉइंट मोजा. १८ पैकी ११ दुखले तर फायब्रो, नाहीतर नाही. आणि सीआरपी नॉर्मल म्हणजे आरए शांतच आहे, त्यात वेळ घालवू नका.

संधिवाततज्ज्ञ_१: हाडवैद्य सर, ११ चा आकडा १९९० च्या निकषांतला, आणि ते संशोधनासाठी रुग्ण निवडायचे निकष होते. २०१० मध्ये पॉइंट मोजणं काढून टाकलं. २०१६ च्या सुधारित निकषांत पाचपैकी चार भागांत दुखणं, तीन महिने टिकलेली लक्षणं, आणि डब्ल्यूपीआय म्हणजे दुखऱ्या जागांचा आकडा ७ व एसएसएस म्हणजे थकवा-झोपेसारख्या लक्षणांच्या तीव्रतेचा आकडा ५ किंवा जास्त, नाहीतर डब्ल्यूपीआय ४ ते ६ आणि एसएसएस ९ किंवा जास्त, असं बघतात. त्यात स्पष्ट म्हटलंय की दुसरा आजार असला तरी हे निदान वैध आहे. म्हणजे आरए 'किंवा' फायब्रो असा प्रश्नच नाही.

सीआरपीबद्दलही थोडं जपून. सीआरपी नॉर्मल असताना सायनोव्हायटिस चालू असलेले रुग्ण आपण सगळेच बघतो.

फिजिशियन, तुमचाच स्कोअर उलगडून बघा. १६ चं वर्गमूळ ४, गुणिले ०.५६, झाले २.२४. तब्येतीचे ८० गुणिले ०.०१४, म्हणजे १.१२. सुजेचे जेमतेम ०.२८, ईएसआरचे साधारण २. दुखरा सांधा एकच असता आणि तब्येत २० सांगितली असती, तर हाच स्कोअर ३.१ च्या आसपास, म्हणजे लो अ‍ॅक्टिव्हिटी. अर्ध्याहून जास्त स्कोअर वेदनेतून आलाय आणि वेदनेच्या या प्रकारावर बायोलॉजिक चालत नाही.

आता हात लावून बघा. अंगठा एवढाच दाबा की नख पांढरं पडेल, साधारण ४ किलो. आधी सांध्यावर, मग पुढच्या हाताच्या मधोमध आणि कपाळावर. तिथेही तेवढंच दुखत असेल तर दोष सांध्यात नाही, वेदनेचा उंबरठाच खाली आलाय. टेंडर पॉइंटचा मला आजही एवढाच उपयोग वाटतो. मनगटाची सूज मात्र सोडू नका, पॉवर डॉप्लर करून घ्या. सिग्नल आला तर आरएचं औषध बदलायचं, फायब्रो असला तरीही.

फिजिशियन_ओपीडी: कपाळावर दाबलं की डोळे मिटतात. डब्ल्यूपीआय १२, एसएसएस ९.

धाकटी_बहीण: मी डॉक्टर नाही. माझ्या ताईलाही असंच दुखतं, तिचं ड जीवनसत्त्व कमी निघालं. तेच कारण असेल ना?

संधिवाततज्ज्ञ_१: ताई, कमतरता भरून काढायलाच हवी. पण ती भरल्यावरही दुखणं तसंच राहिलं, तर पुन्हा दाखवा. थायरॉइड तपासायला सांगा, आणि ती जोरात घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

फिजिओ_मी: संधिवाततज्ज्ञांचं बरोबर आहे, फायब्रोच्या उपचाराचं मी सांगते. युलारच्या २०१७ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला आहे. पण 'रोज अर्धा तास चाला' म्हटलं की रुग्ण पहिल्या दिवशी चालतो, दोन दिवस झोपून राहतो आणि परत येत नाही. मी विचारते, दुसऱ्या दिवशी त्रास न होता किती चालता? बारा मिनिटं म्हणाल्या तर सहापासून सुरुवात, एक दिवसाआड, दर एक-दोन आठवड्यांनी एक-दोन मिनिटं वाढ. बरं वाटलं म्हणून त्या दिवशी जास्त चालायचं नाही, ही अट पाळणं सगळ्यात अवघड जातं. सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल आणि त्याने सांधा खराब होणार नाही, हे आधीच सांगते. नंतर सांगितलं तर पटत नाही. हलके वजनाचे व्यायाम चालणं स्थिरावल्यावर.

हाडवैद्य: आकड्याचं मान्य. पण माझ्याकडे सोरायसिसची एक रुग्ण आहे. कोपराची बाहेरची बाजू, ट्रोकँटर, दोन्हीकडे दुखतं. हे एन्थेसायटिस की जुने टेंडर पॉइंट?

संधिवाततज्ज्ञ_१: तिथे जागाच एकमेकींवर येतात, दाबून कळणार नाही. टाच बघा, तिथे सूज दिसली तर एन्थेसायटिसकडे झुका. अल्ट्रासाउंडने मदत होते, पण जास्त वजनाच्या आणि मेहनतीचं काम करणाऱ्या लोकांत एन्थेसिसचे बदल तसेही दिसतात. अशा काही रुग्णांत मी अजूनही ठामपणे सांगू शकत नाही.

फिजिशियन_ओपीडी: डॉप्लर झालं, मनगटात सिग्नल नाही, बाकी सांधे स्वच्छ. मेथोट्रेक्सेट तेवढंच ठेवलं, स्टेरॉइड थांबवलं, बायोलॉजिक नाही. चालणं सात मिनिटांपासून. झोपेचं काय करायचं ते कोणी लिहील का? त्या रात्री तीनदा उठतात, घोरत मात्र नाहीत.