नर्सेस डेच्या भाषणात रात्रपाळीबद्दल काय सांगाल? (अनुभव धागा)

जुनी सिस्टर, ऐरोली

काल जवळच्या नर्सिंग कॉलेजमधून फोन आला. १२ मेच्या कार्यक्रमात मी सात मिनिटं बोलायचंय. विषय रात्रपाळीचा स्टाफ, स्टुडंट्स आणि मावशी-मामा. फोन ठेवला आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक रात्र डोळ्यांपुढे आली. भाषणात तीच सांगावी म्हणतेय, म्हणून आधी इथे लिहिते.

पीएनसी वॉर्ड, ठाणे. मी आणि एक स्टुडंट, तीस बेड. रात्री १२:१० ला नॉर्मल डिलिव्हरी झालेली पेशंट सव्वादोनला वर आली. ओव्हर घेताना गर्भाशय घट्ट, ब्लीडिंग बेताचं, नाडी ९२. सगळं व्यवस्थित. तीनला दहा मिनिटं असताना मावशी चादर बदलायला गेल्या, तशाच परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, त्या नऊ नंबरचं हे तिसरं पॅड आहे. मगाशीच बदललं होतं."

पेशंट शांत झोपली होती, नातेवाईक बाहेर बाकावर. त्या बोलल्या नसत्या तर मी साडेतीनच्या राऊंडलाच तिथे गेले असते.

नाडी १२४. बीपी ११०/७०, म्हणजे कागदावर ठीकच. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय लोण्यासारखं मऊ, बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेलं. तिथेच कळलं की मूत्राशय तुडुंब भरलंय. गर्भाशयाला आकसायला जागाच नाही, मग रक्तवाहिन्या उघड्याच राहतात. एका हाताने मसाज, दुसऱ्याने कॉलबेल. कॅथेटर घातल्यावर ७०० एमएल लघवी निघाली आणि हाताखाली गर्भाशय घट्ट होताना जाणवलं. डॉक्टर आले, ऑक्सिटोसिन चालू झालं.

त्यांनी विचारलं, किती गेलं? मी म्हटलं अडीचशे-तीनशे. स्टुडंट काही न बोलता तिन्ही पॅड आणि खालची चादर बाळांच्या वजनकाट्यावर ठेवून आली. ८६० ग्रॅम. तेवढेच कोरे पॅड आणि कोरी चादर २४० ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक एमएल, म्हणजे ६२० एमएल. माझ्या अंदाजाच्या दुप्पट. नॉर्मल डिलिव्हरीत ५०० च्या वर गेलं की तो रक्तस्राव मानतात. आकडा ऐकल्यावर डॉक्टरांनी लगेच क्रॉसमॅचचं सॅम्पल पाठवलं. मामा चार जिने उतरून ब्लड बँकेत धावले, लिफ्टची वाट पाहिली नाही. साडेतीनपर्यंत ब्लीडिंग थांबलं. राखून ठेवलेली बॅग लागली नाही.

त्या वर्षी १२ मेला प्रशस्तिपत्र आमच्या वॉर्डाला मिळालं. नाव माझं वाचलं गेलं. मावशी हॉलच्या दाराशी चहाचे कप भरत होत्या. मी तेव्हा उठून बोलले नाही, ते आजही टोचतं.

तुमच्याकडे अशी रात्र असेल तर लिहा. आणि भाषण कसं करावं तेही.

रात्रपाळीकर

ताई, अंगावर काटा आला. मी लेबर रूमला आहे, आत्ता नाईटच चालू आहे. आता आमच्याकडे रक्तस्राव थांबवायला ट्रानेक्साही देतात, एक ग्रॅम, दहा मिनिटांत हळू, डिलिव्हरीपासून तीन तासांच्या आत. तुमच्या पेशंटला बारा दहाची डिलिव्हरी म्हणजे तीन दहापर्यंतच. मावशींनी अर्ध्या तासाने सांगितलं असतं तर ती वेळ गेली होती. हे भाषणात घ्या ना, वेळेचा हिशेब ऐकणाऱ्याला पटकन कळतो.

घोडबंदरकर

बीपी ११०/७० होतं म्हणजे पेशंट स्टेबलच होती की. घाबरायचं कारण बीपी पडल्यावर.

रात्रपाळीकर

नाही हो दादा. तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी सांभाळून धरतं. आधी नाडी वाढते. बीपी पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ९२ ची १२४ झाली हीच खरी बातमी.

घोडबंदरकर

ओके, हे माहीत नव्हतं. बायकोच्या वेळी आम्ही मॉनिटरवर नुसतं बीपीच बघत बसलो होतो.

कोपरखैरणेची आई

नमस्कार. मुलगी बारावी सायन्स झाली. जीएनएम करावं की बीएस्सी नर्सिंग? नाईट ड्युटी पहिल्या वर्षापासून असते का? वाशीला जवळ पडेल असं कॉलेज कुणाला माहीत आहे का?

जुनी सिस्टर, ऐरोली

ताई, बीएस्सी चार वर्षांचं, जीएनएम तीन. पुढे शिकवायचं किंवा एमएस्सी करायचं मनात असेल तर बीएस्सीच. कॉलेज बघताना एकच विचारा, मुलींना प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलात पाठवतात आणि तिथे किती बेड भरलेले असतात. बाकी वेगळं बोलू, मेसेज करा.

नौपाड्याचे काका

भाषणाची सुरुवात फ्लोरेन्स नाइटिंगेलपासूनच हवी. १८२० चा जन्म, दिवा घेऊन फिरणारी बाई, आणि तिने लिहिलेली शपथ सगळ्यांकडून म्हणून घ्यायची. आमच्या पत्नीच्या वेळी अशीच मेणबत्त्या लावून घेतली होती, फार सुंदर दिसायचं.

शिकवणारी

काका, शपथ तिने लिहिलेली नाही. तिच्या नावाने आहे इतकंच. ती १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटच्या नर्सिंग स्कूलमध्ये तयार झाली. १२ मे हा तिचा जन्मदिवस, ते बरोबर. मी मुलींना दिव्यापेक्षा गटारांबद्दल सांगते. स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त मरत होते. १८५५ च्या मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आलं, इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ झाली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तिने पुढे त्याची आकडेवारी आकृत्या काढून मांडली. मावशी-मामांच्या सत्कारात फ्लोरेन्सचं नाव घ्यायचं तर या कारणाने घ्या. फरशी, बेडपॅन, चादर ही तिच्या लेखी खालची कामं नव्हती.

नौपाड्याचे काका

हे नवीनच कळलं. तरी दिवा लावा बुवा.

सेकंड इयर

माझा अनुभव छोटा आहे. पहिली नाईट, मेडिसिन वॉर्ड, पहाटे चार. डोळे मिटत होते. सगळ्यांच्या चार्टवर श्वास २०, २०, २० लिहीत गेले. सिस्टरनी चार्ट बघितला, रागावल्या नाहीत. घड्याळ हातात दिलं आणि म्हणाल्या, बारा नंबरच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोज. ३२ आले. पुन्हा मोजले, ३२. आजोबा बोलत होते, ऑक्सिजन ९४ होता, म्हणून कुणाला वाटलंच नसतं. डॉक्टरांना बोलावलं, एक्सरेत न्यूमोनिया निघाला. तेव्हापासून मी श्वास मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही. ताई, स्टुडंट्ससाठी काही बोलायचं तर हे बोला, की रात्री आम्हाला नुसतं फाइली लावायला बसवू नका, शेजारी उभं करून शिकवा.

जुनी सिस्टर, ऐरोली

बाळा, हे मी तुझं नाव न घेता सांगितलं तर चालेल?

सेकंड इयर

हो चालेल. आमच्या बॅचला मात्र कळेलच 🙂

ट्रान्सहार्बर

नाईट सुटल्यावर ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत झोप लागून पुढे गेलेले किती जण आहेत इथे? मी दोनदा नेरूळ बघून आले.

रात्रपाळीकर

मी पनवेल! आता शेजारच्या बाईला सांगून झोपते, कोपरखैरणे आलं की उठवा. उठवतात बिचाऱ्या. डब्यात पहाटे काय नेता? मला भात चालत नाही, डोळे मिटतात.

ट्रान्सहार्बर

थालीपीठ आणि दही. तीननंतर चहा बंद, नाहीतर घरी गेल्यावर झोप येत नाही.

कळव्याचा मुलगा

माझी आई मावशी आहे. एकोणीस वर्षं, सगळी कंत्राटावर. कंत्राटदार चार वेळा बदलला, आई त्याच वॉर्डात. एका नर्सेस डेला तिला साडी दिली, फोटो काढला. बोर्डवर नावाऐवजी "सफाई कर्मचारी (महिला) ६" असं होतं. साडी तिने बहिणीला दिली. चांगली होती, पण नेसली नाही.

जुन्या सिस्टर, तुम्ही पॅडची गोष्ट लिहिली ती मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, आम्ही मोजतोच, पण सांगायला भीती वाटते. चुकलं तर "तुला काय कळतं" ऐकायला लागतं. हे भाषणात सांगता आलं तर बघा.

जुनी सिस्टर, ऐरोली

तुझं वाचून थोडा वेळ लिहिता आलं नाही. आईंना माझा नमस्कार सांग. हे सांगणारच. त्या रात्री आमच्या मावशी बोलल्या, कारण आधीच्या आठवड्यात त्यांनी एक सलाईन सुजलेला हात दाखवला होता आणि मी उठून बघितलं होतं. तेव्हा उठले नसते तर पुढच्या वेळी त्या गप्प बसल्या असत्या.

शिकवणारी

एक शंका. पेशंटची गोष्ट जाहीर सांगावी का? बेड नंबर, वेळ, ठाणे. ती बाई किंवा तिच्या घरचं कुणी समोर बसलेलं असू शकतं.

रात्रपाळीकर

नाव नाही, वर्ष नाही, मग काय हरकत?

शिकवणारी

बाळंतपण आहे. ज्याचं त्याला बरोबर ओळखू येतं. मी असते तर बेड नंबर बदलला असता आणि वेळा तशाच ठेवल्या असत्या. पण मलाही खात्रीने सांगता येत नाही.

जुनी सिस्टर, ऐरोली

मीही विचारात पडले. बेड नंबर काढते. इथलाही काढायला हवा होता.

ट्रान्सहार्बर

कार्यक्रम किती वाजता आहे? आमच्याकडे दर वर्षी सकाळी अकराला असतो. नाईटचा स्टाफ तेव्हा घरी झोपलेला. ज्यांचा सत्कार त्यांच्या खुर्च्या रिकाम्या. मी एकदा थांबले होते, आठला सुटून अकरापर्यंत चेंजिंग रूममध्ये बसून. त्या रात्री परत ड्युटी होती.

रात्रपाळीकर

ओव्हरच्या वेळी ठेवा, संध्याकाळी साडेसातला. जाणारे आणि येणारे दोघंही असतात.

शिकवणारी

ओव्हरच्या वेळी वॉर्ड कोण बघणार? साडेसातला पेशंट सोडून हॉलमध्ये जाणं मला पटत नाही.

जुनी सिस्टर, ऐरोली

कॉलेजला फोन केला. अकराचा कार्यक्रम बदलत नाहीत, प्रमुख पाहुण्यांची वेळ घेतलीय. पण भाषणाआधी रात्रपाळीच्या सगळ्यांची नावं वाचू देतो म्हणाले. यादी मागितली तर नर्सेसची छापील मिळाली. मावशी-मामांची कंत्राटदाराकडे असते म्हणून हात वर केले.

कळव्याचा मुलगा

कंत्राटदाराच्या यादीत आईचं आडनाव आजही चुकीचं आहे. तिथून घेऊ नका.

जुनी सिस्टर, ऐरोली

नाही घेत. काल रात्री आठला वही घेऊन हॉस्पिटलातच जाऊन आले. दारात उभी राहून ज्याचं त्याला विचारून लिहून घेतलं. चौदा नावं झाली. दोन मामा एक्सरेला पेशंट घेऊन गेले होते, त्यांच्यासाठी आज परत जाते.