निखिल, त्या टिप्सच्या ग्रुपची फी भरू नकोस

आई: निखिल, हे तुला एकट्याला लिहिणार होते. पण अमेय आणि ऋतुजालाही त्याच ग्रुपची लिंक आली आहे, म्हणून तुला विचारूनच इथे घरच्या ग्रुपवर टाकते.

कोणता शेअर कधी घ्यायचा, याच्या टिप्स तू त्या ग्रुपवर महिन्याला 4,999 रुपये भरून घेतोस. शेअर्समध्ये तुझे 60 हजार आहेत. 28 वर्षं बँकेच्या काउंटरवर गेली माझी, म्हणून आधी भागाकारच केला. नुसती फी भरून निघायला तुला दरमहा सव्वाआठ टक्क्यांहून थोडा जास्तच नफा हवा. एफडीवर वर्षाला सात टक्के मिळाले तरी लोक समाधानी असतात. तुला दर महिन्याला त्याहून जास्त, तेही एकदाही न चुकता मिळाले, तर तू कुठे शून्यावर येणार. ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळेच. त्यांची टिप चुकली तरी फी मात्र आधीच त्यांच्या खात्यात.

आता दिवाळीनंतरचा तो गुरुवार आठव. मी शेजारीच बसले होते. 10:12 ला मेसेज आला, एका छोट्या कंपनीचा शेअर 142 ला घ्या, टार्गेट 155, स्टॉपलॉस 136, म्हणजे तिथवर पडला तर विकून मोकळं व्हायचं. तू ॲप उघडून ऑर्डर टाकेपर्यंत भाव 149.50 झाला होता. तरी तू 400 शेअर घेतलेस. 151 ला जाऊन तो घसरायला लागला आणि तुझे 136 ला विकले गेले. शेअरमागे साडेतेरा, म्हणजे 5,400 रुपये गेले. ग्रुपवर त्याच वेळी काय आलं? ‘142 ते 151, सहा टक्के नफा, अभिनंदन!’ 142 ला तुमच्यातल्या कुणाला मिळाला होता रे?

संध्याकाळी तुझ्याच लॅपटॉपवर एक मिनिटाचा चार्ट पाहिला. कंपनीची बातमी काहीच नव्हती, पण साडेनऊपासून व्हॉल्यूम, म्हणजे शेअर्सची उलाढाल, वाढत होता आणि 131 चा भाव मेसेजच्या आधीच 142 वर पोचला होता. मेसेजनंतर तुम्ही सगळे एकदम घ्यायला धावलात. तेवढे शेअर विकायला कुणाकडे तयार होते? तुमच्या ग्रुपवाल्यानेच विकले, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ही पद्धत जुनी आहे. 2022 च्या जानेवारीत शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने गुजरातमधल्या मेहसाण्याच्या अशाच एका टेलिग्राम चॅनलवर अंतरिम आदेश काढला होता. 50 हजारांवर सदस्य होते त्याचे. आधी स्वतः शेअर घ्यायचे, मग टिप टाकायची आणि सदस्यांच्या खरेदीने भाव चढला की आपले विकायचे, असा ठपका होता.

शरदकाका: वहिनी, पण त्यांनी INH नंबर लिहिलाय. म्हणजे सेबीकडे नोंदणी आहे ना?

आई: भाऊजी, नंबर खरा आहे, पण त्यांचा नाही. सेबीच्या साइटवर नोंदणीकृत रिसर्च ॲनालिस्टच्या यादीत टाकून पाहिला. भलत्याच माणसाचं नाव आलं. निखिलने पैसे भरलेला यूपीआय आयडी तिसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्याचा. शिवाय ‘महिन्याला 20 टक्के पक्के’ असं नोंदणी असलेल्याला म्हणताच येत नाही. खात्रीच्या परताव्याचं आश्वासन द्यायला त्याला बंदी आहे.

अमेय: मामी, त्यांच्या फ्री टेलिग्राम चॅनलवर मी जुने कॉल, म्हणजे आधीच्या टिप्स, पाहिल्या. जवळपास सगळे कॉल बरोबर आलेत.

आई: उरलेले बरोबर आलेत, अमेय. चॅनलमधल्या एका मेसेजवर बोट दाबून धर आणि लिंक कॉपी कर. शेवटी आकडा दिसेल, तो मेसेजचा क्रमांक. पुढच्या मेसेजचा त्याच्या पुढचा असायला हवा, मधले आकडे गळले असतील तर ते मेसेज बहुधा पुसलेत. एकत्र टाकलेल्या फोटोंत दोन-चार आकडे जातात, ते सोड.

अमेय: 418 नंतर थेट 423. मध्ये फोटो नाहीत. पुढे 431 नंतर 436.

ऋतुजा: माझ्याकडे सोमवारच्या एका कॉलचा स्क्रीनशॉट आहे. स्टॉपलॉस लागला होता. चॅनलवर आता तो मेसेजच नाही.

निखिल: आई, तीन महिन्यांचे जवळजवळ 15 हजार गेले. निदान तेवढे तरी त्यांच्याकडूनच काढावेत, असं वाटत होतं.

आई: कळतं मला. म्हणूनच तू त्या गुरुवारी 149.50 ला घेतलेस, नाहीतर तू थांबला असतास. ते 15 हजार गेले असं धर. तू कष्टाने मिळवलेले होते, मलाही त्याचं वाईट वाटतं. पण चौथा हप्ता अजून आपल्या हातात आहे. पाच तारखेला तो आपोआप कापला जाईल, नुसतं ग्रुप सोडून थांबणार नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून मँडेट रद्द कर. पावत्या आणि त्या आश्वासनाचे स्क्रीनशॉट मात्र आधी काढून ठेव, सेबीकडे तक्रार करताना लागतील.

निखिल: स्क्रीनशॉट काढले. मँडेट रद्द केलं. तक्रार रविवारी तुझ्या शेजारी बसून लिहू?

आई: ये. लॅपटॉप घेऊन ये.